काळा दोरा, निळं कापड

शाळेत जायच्या आधी दहा सुया ओवून ठेवायच्या, हे लहानपणी माझं रोजचं काम होतं. सोलापुरात मंगळवार पेठेच्या एका बोळात आजोबांचं शिलाईचं दुकान होतं. पाच सुयांत पांढरा दोरा, तिनांत काळा आणि उरलेल्या दोनांत त्या दिवशीच्या कापडाला जुळेल तो. ओवलेली सुई गादीत टोचायची आणि लोंबणारा दोरा तिच्याभोवती आठच्या आकड्यासारखा गुंडाळायचा, म्हणजे एक उचलताना दुसरी अडकत नाही. आजोबा दिवसभर त्यातली एकेक काढून तुरपाई करायचे, काजं करायचे, बटणं लावायचे. संध्याकाळी मी घरी आलो की बोळाच्या टोकापासून हाक ऐकू यायची, "ये रे, तुझे डोळे दे जरा."

मशीनच्या सुईसाठी त्यांची वेगळी युक्ती होती. रीळ बदलायचं झालं की जुना दोरा ते पूर्ण काढत नसत. रिळापाशी तो कापायचा, नव्या दोऱ्याचं टोक त्याला गाठीनं बांधायचं आणि सुईकडून हळूच ओढायचं. टेन्शनच्या चकत्या, वरखाली होणारा दांडा, सगळ्या वाटा नवा दोरा आपसूक चालून येतो. फक्त गाठ सुईच्या नेढ्यातून जात नाही. तिथे ती कापायची आणि शेवटचं एक नेढं तेवढं ओवायचं. त्या एका नेढ्यासाठीही ते माझी वाट बघत थांबत, हे मला तेव्हा लाड वाटायचे.

आणि एक नियम होता. दिवेलागणीनंतर काळं कापड मशीनवर घ्यायचं नाही. काळी पँट कितीही घाईची असो, "सकाळी देतो" म्हणून ते गिऱ्हाइकाला परत पाठवायचे. घरात सगळ्यांना वाटायचं की हे शास्त्र आहे. तिन्हीसांजेला नखं कापू नयेत तसंच हे. आईनं तो नियम तसाच उचलला. आजोबा गेल्यावरही आमच्या घरी संध्याकाळनंतर काळ्या कपड्याला कुणी सुई लावली नाही.

मी शिवायला बसलो नाही. माझा हात कापडापेक्षा लोखंडात रमायचा. एका युनिफॉर्मच्या कारखान्यात मशीनं दुरुस्त करायला शिकलो आणि पुढे आजोबांच्याच गाळ्यात दुरुस्तीचं दुकान टाकलं. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण शाळेचे गणवेश शिवणं हाही इथला मोठा धंदा आहे. त्यातलं बरंच काम घराघरांत होतं. शेठकडून कापलेला माल डझनावारी घरी न्यायचा, टीप मारून परत द्यायचा. उन्हाळ्यात, शाळा उघडायच्या आधी, या घरांतली मशीनं रात्री उशिरापर्यंत चालू असतात आणि माझ्या दुकानासमोर रिक्षातून मशीनं उतरत राहतात.

त्यातलंच एक अक्कांचं. अक्का कुंभारीच्या विडी घरकुलात राहतात. आयुष्याची वीसेक वर्षं विड्या वळल्या, मग सुनेच्या मशीनवर बसल्या. घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठीत, आणि मला तम्मुडू म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. वय बावन्न. मशीन पायाचं, काळं, जुन्या घडणीचं. अशा मशीनला नीट तेल मिळालं तर ते तीन पिढ्या चालतं.

पहिल्यांदा आलं तेव्हा तक्रार होती की कापडाच्या खाली गुंता होतो. खाली गुंता झाला की बाई बॉबिनला दोष देते, कारण गुंता बॉबिनच्या बाजूला दिसतो. खरं कारण बहुतेक वेळा वर असतं. वरचा दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मधे बसला नसेल किंवा वरखाली होणाऱ्या दांड्याच्या भोकातून ओवायचा राहिला असेल, तर त्याला धरून ठेवणारं, वर ओढून घेणारं कुणी राहत नाही. मग तो सैल दोरा खाली साठतो आणि चार टाक्यांत पाखराचं घरटं तयार होतं. अक्कांच्या मशीनवर दोरा दांड्यातून गेलेलाच नव्हता. मी पुन्हा ओवून दिला, तेल घातलं, पैसे घेतले नाहीत.

महिन्याभरात मशीन परत आलं. या वेळी टाके सुटत होते. दोन टाके पडायचे, तिसरा गायब. टाके सुटले की मेकॅनिकचं लक्ष आधी शटलकडे जातं. सुई खाली जाऊन किंचित वर येते त्या क्षणी तिच्या पाठीमागे दोऱ्याचा एक इवलासा फुगवटा तयार होतो आणि शटलच्या टोकानं नेमका तेव्हाच तिथून जाऊन तो फुगवटा उचलायचा असतो. दोन-अडीच मिलिमीटरचा तो खेळ असतो. शटल मागेपुढे झालं असेल, टोक झिजलं असेल, सुई वाकली असेल, तर टाका हुकतो. मी प्लेट काढली, चाक हातानं फिरवून बघितलं. शटल वेळेवर येत होतं, टोक धारदार होतं. मग सुईवर अंगठा ठेवला आणि कळलं. सुई उलटी बसवली होती.

मशीनच्या सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते. अंगावर त्याच्या उलट बाजूला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खाच असते, आणि दोरा खाचेच्या बाजूनं नेढ्यात शिरतो. सुई फिरली की फुगवटा भलत्या बाजूला तयार होतो आणि शटलचं टोक रिकाम्या हवेतून जातं. आजोबांनी मला हे डोळ्यांनी शिकवलंच नव्हतं. "नख फिरव. खाच लागली की ती बाजू दोऱ्याची." तेव्हा वाटायचं की शिंप्याची बोटं अशीच हुशार असतात. ते नखानं का बघत होते हा प्रश्न मला पडला नाही.

तिसऱ्यांदा मशीन आलं ते मे महिन्यात. या वेळी अक्का स्वतः रिक्षात बसून आल्या होत्या आणि त्यांचा चेहरा उतरला होता. शेठनं दोन डझन पँटी परत केल्या होत्या. टीप वाकडी, मधे मधे सुटलेली. उसवून पुन्हा शिवायचं, मजुरी एकदाचीच. "मशीन म्हातारं झालं की रे तम्मुडू. नवं घ्यावं लागतं काय?" नवं मशीन म्हणजे कर्ज. मी खालच्या दोऱ्याची बॉबिन केस बाहेर काढली. बॉबिन केसच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. खालच्या दोऱ्याचं टेन्शन त्यावर ठरतं आणि एकदा नीट लागला की तो वर्षानुवर्षं हलवायची गरज नसते. अक्कांच्या केसवर त्या स्क्रूभोवती ओरखडेच ओरखडे होते. स्क्रूड्रायव्हर खाचेत न बसता पुन्हा पुन्हा घसरला होता. नीडल प्लेटवरही सुई आपटल्याच्या खुणा होत्या, भोकाच्या एकाच बाजूला.

मी मशीन लावलं, पांढरा तुकडा घेतला, वीतभर टीप मारली. मोत्यासारखा टाका पडला. निळ्या पँटीचा तुकडा घेतला, काळा दोरा ओवला, पुन्हा तसाच टाका. मशीन ठीक होतं. तीन वेळा ठीकच होतं.

"अक्का, पांढरे शर्ट शिवताना हा त्रास होतो?"

"पांढऱ्याला नाही होत. निळा लॉट आला की सुरू होतं."

मी म्हटलं, माझ्यासमोर ओवा. त्यांनी दोऱ्याचं टोक ओलं केलं, मान मागे नेली, मग पुढे आणली, मग डोकं तिरकं केलं. दोरा नेढ्याच्या बाजूनं जात होता आणि त्यांना वाटत होतं की गेला. चार वेळा त्यांनी पलीकडून रिकामी चिमूट ओढली. दुकानात भर दुपारचं ऊन होतं. रात्री दहाला, खोलीच्या मध्यभागी टांगलेल्या एका दिव्याखाली, पाठीमागून उजेड आणि सुईवर स्वतःच्याच डोक्याची सावली, अशात त्या निळ्या कापडावर काळा दोरा चालवत होत्या. पांढऱ्या दोऱ्याचं अंदाजानं भागत होतं. काळ्याचं भागत नव्हतं.

"घरी कोण ओवून देतं?" मी विचारलं.

"नातू द्यायचा. आता पुण्याला गेला की."

मी बॉबिन केस हातात धरून तसाच बसलो. दहा सुया, आठच्या आकड्यातले दोरे, "तुझे डोळे दे जरा", नखानं चाचपलेली खाच, गाठ बांधून ओढलेला दोरा आणि दिवेलागणीनंतर न घेतलेलं काळं कापड, हे सगळं एका रांगेत माझ्यासमोर उभं राहिलं. आजोबांना जवळचं दिसत नव्हतं. वर्षानुवर्षं दिसत नव्हतं. त्यांनी त्याभोवती एवढा सुबक संसार मांडला होता की घरात कुणाला पत्ता लागला नाही. मलाही नाही, आणि मी तर त्यांचे डोळेच होतो.

त्या रात्री मी माझी दुरुस्तीची वही काढली. तारीख, तक्रार, काय बदललं, किती घेतले, एवढंच मी लिहितो. टाके सुटतात, खाली गुंता, सुई मोडते, दोरा तुटतो. आणि समोरच्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच शेरा: पार्ट काही नाही, सुई नीट लावली. पार्ट काही नाही, दोरा नीट ओवला. मशीन आणणाऱ्या बायका डोळ्यांसमोर आणत गेलो. बहुतेक चाळिशीच्या पुढच्या. दुरुस्तीला आलेल्या मशीनांबरोबर एक न बोललेलं दुखणं येत होतं आणि मी ते तेल घालून परत पाठवत होतो.

आपल्या भाषेत जवळच्या चष्म्याला चाळिशी म्हणतात, इतकं हे दुखणं वयाला बांधलेलं आहे. डोळ्यातलं भिंग लहानपणी लवचीक असतं, जवळचं बघताना ते फुगतं. वय वाढेल तसं ते ताठ होत जातं आणि साधारण चाळिशीनंतर ते पुरेसं फुगत नाही. हा आजार नाही, कुणीच यातून सुटत नाही. उजेड कमी असला की बाहुली मोठी होते आणि अंधुकपणा आणखी वाढतो, म्हणून रात्रीचं काम आधी बिघडतं.

पण सगळ्यांना हे माहीत असूनही अक्कांच्या डोळ्यांवर चष्मा का नव्हता? मी विचारलं तेव्हा त्यांनी जे उत्तर दिलं ते मला पुढे पुष्कळ बायकांकडून ऐकायला मिळालं. "मला कुठं वाचायला येतं? चष्मा वाचणाऱ्याला लागतो." घरकुलात डोळे तपासणीचं शिबिर झालं होतं. त्या गेल्याही होत्या. लांबच्या फळ्यावरची चिन्हं ओळखली, दूरची नजर चांगली निघाली, घरी आल्या. जवळचं कुणी बघितलंच नाही, आणि बघितलं असतं तरी हातात बारीक छपाईचा कागद दिला असता. सुई कुणी दिली नसती.

पुढे मला एका अभ्यासाबद्दल वाचायला मिळालं. आसामच्या चहामळ्यांत पानं खुडणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या कामगारांपैकी काहींना जवळचे चष्मे दिले आणि काहींना अभ्यास संपेपर्यंत दिले नाहीत. चष्मा मिळालेल्यांची दिवसाची खुडणी दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे २२ टक्के जास्त वाढली. हे २०१८ साली छापून आलं. चहा खुडायला एक अक्षरही वाचावं लागत नाही. हे मी अक्कांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग विडी वळताना पण हेच होतं असेल."

मी बाजारातून तयार चष्मे आणले. एक, दीड, दोन, अडीच आणि तीन नंबरचे, प्रत्येकी दोन. आणि तपासायला छापील कागद न घेता एक निळ्या गणवेशाच्या कापडाचा तुकडा घेतला. त्यावर काळ्या दोऱ्यानं चार ओळी टीप मारली, मधे मुद्दाम तीन ठिकाणी टाके सोडले. शेजारी चौदा नंबरची सुई आणि काळा दोरा. बाईला तिच्याच मशीनपुढे बसवायचं, ती शिवताना बसते तशी. डोळ्यापासून सुई साधारण चाळीस सेंटिमीटरवर येते. सुटलेले टाके बोटानं दाखवा, मग सुई ओवा. कमी नंबरापासून सुरुवात करायची आणि ज्या नंबरात काम होतं तिथे थांबायचं.

कमी नंबरावर का थांबायचं ते मी चुकून शिकलो. सुरुवातीला एक बाई म्हणाल्या, मला सगळ्यात जोराचा द्या. मी तीन नंबरचा दिला. सुई लख्ख दिसली, त्या खूश होऊन गेल्या. दहा दिवसांनी परत आल्या त्या मान धरून. एका मीटरला नंबरानं भागलं की स्वच्छ दिसण्याचं अंतर निघतं. वय झालेल्या, दूरचं नीट दिसणाऱ्या डोळ्याला अडीच नंबर साधारण चाळीस सेंटिमीटरवर स्वच्छ दाखवतो आणि तीन नंबर तेहतीसवर. ते सात सेंटिमीटर भरून काढायला त्या दिवसभर मशीनवर वाकत होत्या. दोन नंबर दिला, मान सरळ झाली. नंबर जोराचा म्हणजे चांगला नाही, आपल्या बसण्याच्या अंतराला बसणारा तो चांगला.

दुसरी चूक याहून मोठी होती आणि तिची रुखरुख अजून आहे. एका आजींना कुठल्याच नंबरानं नीट दिसेना. मी अडीचवर थोडं बरं वाटतंय म्हणून तो दिला. सहा महिन्यांनी कळलं की मोतीबिंदू होता. ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, पण ते सहा महिने माझ्यामुळे गेले. तेव्हापासून मी माझ्यापुरती रेघ आखून घेतली आहे. एकेक डोळा झाकून बघायला सांगतो. दोन डोळ्यांत फरक वाटला, कुठल्याही नंबरानं टाके स्पष्ट झाले नाहीत, दिव्याभोवती वलयं दिसतात म्हणाल्या किंवा साखर असेल, तर चष्मा द्यायचा नाही, डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवायचं. तयार चष्म्यात दोन्ही काचा एकाच नंबराच्या असतात, तिरका नंबर त्यात नसतो. आणि ज्यांना तो बसतो त्यांनाही मी सांगतो की एकदा डोळे दाखवून घ्या, कारण काही दुखणी डोळ्यात गुपचूप वाढतात.

उजेडाचंही बघावं लागलं. डोक्यामागचा दिवा मशीनच्या डाव्या अंगाला, पुढे आणायचा, म्हणजे हाताची सावली सुईवर पडत नाही. मशीनच्या डोक्याला लावायचा छोटा एलईडी दिवा आता मी प्रत्येक दुरुस्तीबरोबर सुचवतो. चष्मा आणि दिवा मिळून नव्या मशीनच्या हप्त्याएवढाही खर्च होत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामानं चष्मा नाकावरून घसरतो ही तक्रार मात्र राहिली. बायका दांड्यांना मागे दोरी बांधतात. मजुरीचा दर तर डझनाला तेवढाच आहे, तो चष्म्यानं हलला नाही. उसवून पुन्हा शिवायचं काम तेवढं कमी झालं.

अक्कांना दोन नंबर लागला. दुकानातच मशीनपुढे बसवून मी त्यांच्या डोळ्यांवर चष्मा ठेवला आणि सुई दिली. मला वाटलं होतं त्या आनंदानं काहीतरी बोलतील. त्यांनी सुईकडे बघितलंच नाही. मांडीवर शेठनं परत केलेली पँट होती, तिच्यावर नजर खिळली. बाजूची टीप त्यांनी वरपासून खालपर्यंत बोटानं तपासली. वाकडी गेलेली जागा, सुटलेले टाके, एका ठिकाणी एकावर एक चढलेल्या दोन टिपा.

"हे मी शिवलंय?" त्या म्हणाल्या.

मी काही बोललो नाही.

"दोन वर्षं असंच देत होते की रे मी." मग त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला, कात्री मागितली आणि तिथेच बसून ती टीप उसवायला लागल्या.

त्या दिवशी उरलेला अडीचचा एक चष्मा मी घरी घेऊन गेलो. आई ओट्यापाशी होती. बाबांची छत्री एका काडीपाशी उसवली होती, ती चार दिवसांपासून खुंटीला लटकत होती. मी छत्री काढली, डब्यातून सुई आणि काळा दोरा काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

"आता?" आई म्हणाली. "दिवे लागलेत. काळ्याला सकाळी सुई लावू."

मी तिला चष्मा दिला. तिनं तो हातात घेऊन उलटसुलट केला, मग लावला. दिव्याखाली सुई धरली, दोरा ओला केला आणि एका झटक्यात ओवला. क्षणभर तशीच बघत राहिली. मग दोरा परत बाहेर ओढला आणि पुन्हा ओवला.